एसबीसी ३२ टन, मग पाया साडेनऊ टनांवर का?

प्लॉट घेतला, नकाशा मंजूर झाला, बोअर मारून मातीचा अहवाल आला, की घरमालक, ठेकेदार आणि शेजारी सगळे एकच प्रश्न विचारतात : ‘एसबीसी किती आली?’ उत्तरही एका आकड्यात येते. ‘वीस टन.’ म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर वीस टन भार टाकायला हरकत नाही. साताबाऱ्यावर क्षेत्रफळ लिहिलेले असते तसा हा आकडा त्या जमिनीला कायमचा चिकटलेला आहे, असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो पायाच्या रुंदीवर आणि खोलीवर अवलंबून असतो, पाण्याच्या पातळीवर असतो, आणि सगळ्यात जास्त अवलंबून असतो तो इमारत किती खचलेली आपल्याला चालणार आहे यावर. एकाच जागेचे, एकाच मातीचे दोन आकडे निघतात आणि त्यांच्यात चौपट फरक असू शकतो. पायाचे डिझाइन यातल्या लहान आकड्यावर होते. बहुतेक वेळा हा लहान आकडा खचण्याच्या हिशेबातून आलेला असतो.

जमीन इमारतीला दोन तऱ्हांनी दगा देते. पहिली तऱ्हा म्हणजे माती फुटणे. भार इतका वाढतो की पायाखालची माती एका वक्र पृष्ठावर घसरते, बाजूला सरकते आणि पायाच्या कडेची जमीन फुगून वर येते. हे अचानक होते. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे १९१३ साली धान्याचे एक नवे कोठार असेच गेले. पासष्ट उंच कोठ्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे २३ मीटर रुंद आणि ५९ मीटर लांब असा काँक्रीटचा राफ्ट होता. ऑक्टोबरमध्ये धान्य भरत असताना कोठार तासाभरात सुमारे ३० सेंटिमीटर खाली गेले, मग कलू लागले आणि दिवसभरात जवळजवळ २७ अंशांवर जाऊन थांबले. काँक्रीट शाबूत राहिले, म्हणून पुढे खालून आधार देऊन अख्खे कोठार सरळ करता आले आणि ते वापरातही आले. बांधण्याआधी माती तपासली नव्हती असे नाही. पायाच्या पातळीवर भारचाचणी झाली होती आणि तिथली चिकणमाती ताठ होती. तिच्याखालची मऊ होती, आणि तिथवर ती चाचणी पोचलीच नव्हती. या चाचणीकडे पुन्हा येऊ.

माती फुटण्याच्या या धोक्यावरून जो आकडा काढतात तो म्हणजे निव्वळ सुरक्षित धारणदाब. मातीचे घर्षण, चिकटपणा, पायाची खोली आणि रुंदी यांवरून आधी माती नेमकी कोणत्या दाबाला फुटेल ते काढायचे आणि त्याला तीनने, कधी अडीचने, भागायचे. भारतात हे गणित आयएस ६४०३ या मानकानुसार होते. मुळात या पद्धतीची मांडणी कार्ल टेरझागी यांनी १९४३ साली केली आणि नंतरच्या संशोधकांनी तिच्यात भर घातली.

यातल्या ‘निव्वळ’चा हिशेब सोपा आहे, पण त्यात घोटाळा बराच होतो. दीड मीटर खड्डा खणला तर प्रत्येक चौरस मीटरवरून सुमारे २.७ टन माती आपण उचलली. खड्ड्याच्या तळाची माती हे ओझे वर्षानुवर्षे सोसतच होती. म्हणून इमारतीमुळे जो जादा दाब आला तेवढाच मोजायचा. दोन तळघरे खणणाऱ्या इमारतीत हा मुद्दा मोठा होतो. तिथे सहा मीटर माती निघाली, म्हणजे चौरस मीटरमागे दहा-अकरा टन ओझे आधीच उतरले, आणि वरचे काही मजले जमिनीला जणू जाणवतच नाहीत. उलट, अहवालातला आकडा निव्वळ आहे की एकूण हे न पाहता भार लावला, तर उथळ पायात दोन-तीन टनांची चूक सहज होते.

दुसरी तऱ्हा म्हणजे माती फुटत नाही, फक्त दबते. कण जवळ येतात, पोकळ्या कमी होतात, पाया खाली जातो. प्रत्येक इमारत थोडीफार खचतेच, आणि सगळे खांब सारखे खाली गेले तर वरच्यांना कळतही नाही. फार तर नळजोडणी आणि पायरी बिघडते. त्रास होतो तो एक खांब जास्त आणि शेजारचा कमी गेला की. तेव्हा बीम वाकते आणि त्यामधली भिंत तिरकी ओढली जाते. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ साली ९८ इमारतींच्या नोंदी तपासल्या. दोन खांबांतल्या खचण्याचा फरक त्यांच्या अंतराच्या तीनशेव्या भागापर्यंत गेला की सांगाड्यातल्या भिंतींना तडे जातात आणि दीडशेव्या भागापर्यंत गेला की खांब-बीमनाच इजा होते, असे त्यांना दिसले. आपले आयएस १९०४ हे मानक आरसीसी इमारतीच्या सुट्या फुटिंगसाठी याहून कडक आहे. वाळूत एकूण खचणे ५० मिलिमीटरपर्यंत चालेल, पण दोन खांबांतला फरक अंतराच्या ६६६व्या भागापेक्षा जास्त नको. साडेचार मीटर अंतरावरच्या खांबांना ही मुभा पावणेसात मिलिमीटरची आहे, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी.

माती फुटू न देणारा दाब आणि खचण्याची ही मर्यादा पाळणारा दाब यांतला जो लहान, तो अनुज्ञेय धारणदाब. स्ट्रक्चरल इंजिनिअरने फुटिंगसाठी घ्यायचा आकडा तो हाच. साइटवर मात्र दोघांनाही ‘एसबीसी’ म्हणून मोकळे होतात आणि अनर्थ तिथूनच सुरू होतो.

दोन्ही आकडे एका उदाहरणात शेजारी ठेवून पाहू. समजा कोकण किनारपट्टीवर मध्यम घट्ट वाळूत चार मजली इमारत बांधायची आहे. खांबांमधले अंतर साडेचार मीटर, आतल्या खांबावरचा भार ९० टन, पायाची खोली दीड मीटर. प्लॉटवर दोन बोअर घेतले. त्यांत प्रमाणित प्रवेश चाचणी केली, म्हणजे साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून नळी वाळूत ठोकली. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले तो ‘एन’ आकडा. आवश्यक दुरुस्त्या करून एका बोअरला तो १५ आला, दुसऱ्याला १२. एकाच प्लॉटवर एवढा फरक नेहमीचाच आहे, त्याला कोणी वाईट जमीन म्हणणार नाही. पाणी सध्या खोल आहे असे धरू.

आधी फुटण्याचा हिशेब करू. कमकुवत बाजू धरायची म्हणून एन १२ घेतला, त्यावरून घर्षणकोन सुमारे ३१ अंश. १.७ मीटरचा चौकोनी फुटिंग घेतला तर माती सुमारे ९७ टन प्रति चौरस मीटर निव्वळ दाबाला फुटेल. तीनने भागले, ३२ टन. नव्वद टनांचा खांब १.७ मीटरच्या फुटिंगवर बसवला की दाब येतो ३१ टन. हिशेब बसला. अहवालात ‘एसबीसी ३२ टन’ एवढेच लिहिले असेल तर इथे सगळे खूश होऊन उठतील आणि खड्डे आखायला जातील.

आता खचण्याचा हिशेब. वाळूसाठी टेरझागी आणि पेक यांनी १९४८ साली आलेख दिले होते. त्यांवरून पुढे टेंग यांनी एक सूत्र बसवले, ते आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवतात :

q = 3.5 (N − 3) ((B + 0.3) / 2B)²

इथे q हा फुटिंगला २५ मिलिमीटर खाली नेणारा निव्वळ दाब आहे, टन प्रति चौरस मीटरमध्ये. B ही फुटिंगची रुंदी मीटरमध्ये. एन १२ आणि रुंदी १.७ मीटर घातली तर १०.९ टन येतात. म्हणजे जवळपास ११ टनांनाच फुटिंग २५ मिलिमीटर जाणार, आणि आपण त्यावर ३१ टन टाकले आहेत. प्रमाणात धरले तर ते ७१ मिलिमीटर खचेल. एन १५ असलेल्या बाजूचे फुटिंग, तितकेच मोठे आणि तितकाच भार, सुमारे ५४ मिलिमीटर जाईल. दोन्ही ५० च्या वर. फरक साधारण १८ मिलिमीटर, म्हणजे अंतराचा २५०वा भाग. माती फुटणार नाही, तीनचा सुरक्षागुणक शाबूत आहे, आणि तरीही चारही मजल्यांच्या भिंतींना तडे जातील.

खचणे २५ मिलिमीटरवर ठेवायचे तर फुटिंग मोठे करावे लागते. गणित थोडे फिरवून करावे लागते, कारण रुंदी बदलली की q ही बदलतो. ३.१ मीटरवर ते जुळते. या रुंदीला २५ मिलिमीटरचा दाब सुमारे साडेनऊ टन आणि नव्वद टनांचा खांब जवळपास तेवढाच दाब टाकतो. कमकुवत बाजूचे फुटिंग २५ मिलिमीटर जाते, चांगल्या बाजूचे १९. फरक सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अंतराचा सातशेवा भाग, आणि तो मानकात बसतो. तेव्हा अनुज्ञेय धारणदाब साडेनऊ टन. एकूण मर्यादा ५० ची असताना २५ का धरली, याचे कारणही इथेच दिसते. वाळू कुठेच एकसारखी नसते, आणि एकूण खचणे २५ च्या आत ठेवले की शेजारच्या खांबांतला फरक आपोआप आवाक्यात राहतो. हा ठोकताळा टेरझागी आणि पेक यांनीच घालून दिला.

याच ३.१ मीटरच्या फुटिंगसाठी निव्वळ सुरक्षित धारणदाब पुन्हा काढला तर तो ३२ वरून ४१ टनांवर गेलेला असतो. फुटिंग मोठे केले म्हणून जमीन फुटण्याच्या बाबतीत अधिक ताकदवान झाली, आणि खचण्याच्या बाबतीत त्याच वेळी १०.९ वरून साडेनऊवर उतरली. एकीकडे वाढ, दुसरीकडे घट. प्रत्यक्षात टाकलेल्या साडेनऊ टनांना फुटण्याविरुद्धचा गुणक तेरा येतो. एवढा गुणक कोणी मुद्दाम ठेवलेला नाही. खचण्याने बांधून ठेवले, म्हणून तो तेवढा राहिला आहे.

दोन आकडे विरुद्ध दिशांना का जातात हे समजले की या विषयातले पुष्कळसे समजते. वाळू फुटायची तर फुटिंगखालचा त्रिकोणी भाग खाली ढकलला जाऊन कडेची माती उचलली जायला हवी. फुटिंग रुंद असेल तर घसरण्याचा वक्र खोलवर आणि लांबवर जातो, त्यावर जास्त मातीचे वजन आणि जास्त घर्षण अडसर म्हणून उभे राहते. म्हणून रुंदीबरोबर ताकद वाढते. खचण्याचे तसे नाही. फुटिंगचा दाब खाली जाताना पसरत विरत जातो, आणि तो जाणवण्याइतका राहतो साधारण रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत. दीड मीटरचे फुटिंग तीन मीटर वाळू दाबते, तीन मीटरचे सहा मीटर दाबते. दाबाचा आकडा तोच असला तरी दबणारा थर दुप्पट झाला, मग खचणे वाढणारच. वाळूत ते अगदी दुप्पट होत नाही, कारण खोलवरची वाळू वरच्या ओझ्याने आधीच घट्ट झालेली असते. टेंगच्या सूत्रातला कंस हे संथ होणेच पकडतो. रुंदी वाढत गेली की कंसाच्या वर्गाची किंमत पाव या आकड्याकडे सरकते आणि पुढे फारसा फरक पडत नाही.

अगदी अरुंद पायाला हे चित्र उलटते. त्याच एन १२ च्या वाळूत अर्धा मीटर खोलीवर कुंपणाच्या भिंतीखालची ६० सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या. २५ मिलिमीटर खचायला तिला साडेसतरा टनांहून जास्त दाब लागतो, पण फुटण्याचा सुरक्षित आकडा पावणेअकरा टनच येतो. खोली कमी, रुंदी कमी, म्हणजे घसरणाऱ्या मातीला अडवणारे फारसे काही नाही. अशा पायात निव्वळ सुरक्षित धारणदाब हाच अनुज्ञेय ठरतो. मऊ चिकणमातीवर एकाएकी मोठा भार चढवला तरी तसेच, आणि ट्रान्सकोनाचे कोठार त्यातलेच होते. इमारतींचे खांब मात्र साधारण दीड ते चार मीटरच्या फुटिंगवर बसतात, आणि त्या पट्ट्यात वाळूवर खचणे पुढे येते.

आता ती भारचाचणी. खड्ड्याच्या तळाशी ३० ते ७५ सेंटिमीटरची लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर जॅकने भार टाकतात आणि ती किती खाली जाते ते डायल गेजवर वाचतात. पाहायला खात्रीची वाटते, आणि ठेकेदारांना आवडतेही, कारण डोळ्यांदेखत भार उचललेला दिसतो. पण ३० सेंटिमीटरची प्लेट खालची ५०-६० सेंटिमीटर मातीच दाबते. त्याखाली काय आहे ते तिला कळत नाही. वाळू सहा मीटरपर्यंत एकसारखी असली तरीही प्लेटचा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. आयएस १८८८ मधल्या सूत्राने ३० सेंटिमीटरची प्लेट एखाद्या दाबाला सहा मिलिमीटर गेली, तर त्याच दाबाला तीन मीटरचे फुटिंग सुमारे २० मिलिमीटर जाईल. चिकणमातीत हे प्रमाण सरळ रुंदीचे, म्हणजे दहापट. प्लेट सहा मिलिमीटर गेली तर फुटिंग साठ. प्लेट फुटली नाही, एवढ्यावरून ‘एसबीसी भरपूर आहे’ असे कोणी सांगत असेल, तर त्याने फक्त पहिला आकडा तपासला आहे.

टेरझागी-पेक यांचे आलेख, आणि म्हणून हे सूत्रही, मुद्दाम सावध आहे. प्रत्यक्ष इमारती त्यांच्या भाकितापेक्षा कमी खचतात असे पुढे वारंवार दिसले, आणि मेयरहॉफ यांनी या सूत्रातून आलेला दाब दीडपट करायला हरकत नाही असे सुचवले. आपल्या उदाहरणात तसे केले तर फुटिंग ३.१ ऐवजी अडीच मीटरचे होते आणि अनुज्ञेय दाब १४ टनांच्या थोडा वर जातो. तरी ३२ च्या निम्म्यालाही तो पोचत नाही. पद्धत कोणतीही वापरा, सूत्रे बदलली की आकडा बदलतो, पण इथे खचणेच नियंत्रण करते हा निष्कर्ष बदलत नाही. अशा ठिकाणी माझा भर सूत्रापेक्षा बोअरच्या संख्येवर राहील. चार मजली इमारतीला एकच बोअर घेतला तर १५ दिसेल किंवा १२ दिसेल, दोहोंतला फरक दिसणारच नाही, आणि भिंतींना तडे जातात ते नेमके त्या फरकाने.

पाणी खोल आहे असे आपण धरले होते. किनाऱ्याजवळच्या गावात हे गृहीतक पावसाळ्यात टिकत नाही. पाणी फुटिंगच्या तळापर्यंत आले की वाळूचे परिणामकारक वजन जवळपास निम्मे होते. फुटण्याच्या हिशेबात त्यामुळे फक्त रुंदीचा भाग घटतो, खोलीचा भाग तसाच राहतो, म्हणून एकूण घट फार नसते. जुन्या पद्धतीत खचण्याचा दाब मात्र सरळ निम्मा करायचा. साडेनऊचे पावणेपाच टन होतात, फुटिंग त्या हिशेबाने जवळपास साडेचार मीटरचे निघते, आणि खांबांमधले अंतरच साडेचार मीटर आहे! म्हणजे फुटिंग एकमेकांना टेकली. इथे इंजिनिअर सुटे पाय सोडून राफ्टवर जातो. राफ्ट मऊ जागेवरून भार घट्ट जागेकडे थोडाफार वाहून नेतो, म्हणून मानकही त्याला वाळूत ७५ मिलिमीटरची सवलत देते आणि फरकाची मर्यादा ५००व्या भागापर्यंत सैल करते. खचणे पुष्कळदा फक्त फुटिंगचा आकार न ठरवता पायाचा प्रकारच ठरवते, ते असे.

चिकणमातीत आणखी एक पदर येतो तो वेळेचा. वाळू भार पडताच दबते. मजले चढतात तसतसे बहुतेक खचणे होऊन जाते आणि प्लास्टर होईपर्यंत ते बरेचसे संपलेले असते. मऊ चिकणमातीत पोकळ्यांमधले पाणी पिळून निघावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे निघत राहते. ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठची सागरी चिकणमाती या जातीची. तिथे फुटण्याचा हिशेब भार चढत असतानाच्या मातीवर करायचा, कारण तेव्हा ती सगळ्यात कमजोर असते. खचण्याचा हिशेब मात्र पुढच्या कित्येक वर्षांचा असतो. इमारत पूर्ण होऊन, रंग लागून, सोसायटी स्थापन झाल्यावर तडे दिसू लागतात. भरावावरच्या जागेत तर स्वतः भरावच खालच्या चिकणमातीला दाबत असतो, मग इमारत बांधो वा न बांधो.

दख्खनच्या पठारावर काम केलेल्या ठेकेदाराला हे सगळे अतिरेकी वाटते, आणि त्याचा दोष नाही. तिथे दोन-तीन मीटर खणले की मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि खडकावर खचण्याचा प्रश्न बहुधा उरत नाही. काळ्या मातीत पाया ठेवला तर प्रश्न खचण्याइतकाच फुगण्या-आक्रसण्याचा असतो, आणि तो वर सांगितलेल्या दोन्ही हिशेबांत येतच नाही. पठारावरची सवय घेऊन तोच ठेकेदार किनाऱ्यावर किंवा नदीकाठच्या गाळात गेला, की ‘एसबीसी चांगली आहे’ हे वाक्य त्याला महागात पडते.

इमारत उभी राहिल्यावर कोणता प्रकार घडतो आहे ते भिंतीच सांगतात. दारा-खिडकीच्या कोपऱ्यापासून सुमारे ४५ अंशांत चढणारा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा तडा हा बहुधा असमान खचण्याचा. दारे चौकटीत अडकू लागतात. प्लास्टरवरचे केसासारखे, जाळीदार तडे सुकण्याचे असतात, त्यांचा पायाशी संबंध नाही. तडा जिवंत आहे की थांबला हे पाहायला त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतात आणि तारीख लिहितात. काच फुटली तर हालचाल चालू आहे. त्याहून चांगले म्हणजे प्लिंथवर दर खांबाला खुणा घालून लेव्हल यंत्राने महिन्यामहिन्याला मोजणे. कोणता खांब किती जातो हे त्यातून मिलिमीटरमध्ये दिसते, आणि वाळूवरच्या इमारतीत ही रेषा काही महिन्यांत आडवी व्हायला हवी. माती फुटू लागली असेल तर मात्र खुणा मोजायला वेळ मिळत नाही. पायाकडेची जमीन फुगते, अंगण उचलले जाते, इमारत एका बाजूला कलते.

अहवाल हातात आला की पहिल्या पानावरचा एक आकडा पाहून तो बाजूला ठेवू नये. आत एक तक्ता असतो, निदान असायला हवा. त्यात फुटिंगच्या वेगवेगळ्या रुंदी आणि खोली दिलेल्या असतात. प्रत्येकापुढे फुटण्यावरून आलेला दाब, खचण्यावरून आलेला दाब, आणि खचणे किती धरले ते मिलिमीटरमध्ये. शेवटच्या रकान्यात दोहोंतला लहान. त्या तक्त्यात रुंदी वाढताना दुसरा आकडा चढत जातो आणि तिसरा उतरत जातो का, हे कोणालाही पडताळता येते, इंजिनिअर असण्याची गरज नाही. तक्ताच नसेल आणि फक्त ‘एसबीसी २० टन’ असे लिहिले असेल, तर हा आकडा किती रुंदीच्या फुटिंगसाठी, किती मिलिमीटर खचणे धरून आणि पाण्याची कोणती पातळी मानून काढला, हे माती तपासणाऱ्याला लेखी विचारावे. डिझाइन करताना स्ट्रक्चरल इंजिनिअरने तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या फुटिंगपेक्षाही मोठे फुटिंग घेतले, तर तो आकडा त्या फुटिंगला लागू नाही आणि माती तपासणाऱ्याकडे परत जावे लागते.